क्विंटल कितीला पडला, आणि मक्ता कितीचा परवडेल?

पत्र : सर, यवतमाळ जिल्ह्यात आमची ३ एकर कोरडवाहू कपाशी आहे. यंदा मध्ये तूर लावली नव्हती. खर्चाची वही मी ठेवते, पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. एकूण ७१,७२७ रुपये गेले, कापूस २१ क्विंटल झाला, म्हणजे क्विंटल ३,४१६ रुपयांना पडला. १३ क्विंटल ७,१०० नं आणि शेवटचा ८ क्विंटल ६,७०० नं गावातच व्यापाऱ्याला दिला. आमचे मिस्टर म्हणतात, सरकारच क्विंटलचा खर्च ५,१४० सांगतं, आपण तर किती स्वस्तात पिकवतो. शेजारचं अडीच एकर मक्त्यानं घेऊन टाकू. विहिरीचं रान आहे, एकरी १५,००० सांगतात. सासरे म्हणतात, कापसात काही उरत नाही, भानगडीत पडू नका. वहीवरून मला दोघांचंही पटतं. क्विंटल नक्की कितीला पडला? आणि मक्ता घ्यावा का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

ताई,

तुमची वही दोनदा वाचली. इतक्या नीट नोंदी फार कमी घरांत बघायला मिळतात, म्हणून उत्तरही तिच्यातूनच देता येतं. तुम्ही लिहिलेला एकही आकडा चुकलेला नाही. चुकलंय ते जे लिहिलंच गेलं नाही त्याचं.

तुमच्या वहीत नांगरणी आहे (६,०००, ट्रॅक्टरवाल्याला दिलेले). बियाण्याची सात पाकिटं आहेत, ९०१ रुपयांप्रमाणे ६,३०७. त्यातलं सातवं नांग्या भरायला आणलेलं, हेही तुम्ही बाजूला लिहिलंय. टोबणीच्या बाया २,७००, खत ११,२००, फवारणीचं औषध १२,६००, निंदणाच्या बाया १४,४००, १६ क्विंटलची वेचणी १६,०००, आणि कापूस काट्यापर्यंत न्यायचे २,५२०. यातली प्रत्येक ओळ म्हणजे घरातून बाहेर गेलेला पैसा. जिथं पैसा कोणाच्या हातावर ठेवला नाही, ते वहीत आलं नाही.

आता शेतात काय काय झालं ते आठवा. पेरणीआधी दोन वखरपाळ्या, नंतर चार डवरे. सगळं घरच्या बैलांनी, घरच्या माणसानं. तीन एकराला एका पाळीला दीड दिवस धरला तर सहा पाळ्यांचे नऊ दिवस होतात. तुमच्याकडे माणसासह बैलजोडी सांगितली तर दिवसाला १,२०० च्या खाली कोणी येणार नाही. हे झाले १०,८००. बैल फुकट औत ओढत नाहीत. त्यांचा कडबा, ढेप, आणि म्हातारे झाल्यावर नवी जोडी घेताना लागणारे पैसे कुठून तरी जातातच.

पाच फवारण्या मिस्टरांनी स्वतः केल्या. तीन एकराला पाठीवरच्या पंपानं दोन-दोन दिवस, म्हणजे दहा दिवस. गावच्या ४५० रुपये रोजानं ४,५००. खत देणं, राखण, बाया आणणं-सोडणं असे त्यांचे आणखी आठ दिवस धरले तर ३,६००. तुम्ही आणि सासूबाई मिळून १४ दिवस टोबणी-निंदणात होतात, ३०० नं ४,२००. आणि वेचणी! कापूस २१ क्विंटल झाला, मजुरी मात्र १६ क्विंटलचीच दिलीत. मधले पाच क्विंटल कोणी वेचले? तुम्ही दोघींनीच. किलोला १० रुपयांनी त्याचे ५,००० होतात.

शेणखत तीन ट्रॉल्या पडलं, घरचं म्हणून वहीत नाही. ते तीन वर्षं काम करतं, म्हणून त्याच्या बाजारभावातला तिसरा हिस्सा, २,५०० रुपये, यंदाच्या कपाशीवर टाकू. पंपाची बॅटरी आणि नोझल, औताची डागडुजी मिळून १,५००. आणि एक गंमत सांगतो. वहीच्या शेवटच्या पानावर, किराणा आणि लग्नाच्या आहेराच्या खाली, एक ओळ आहे : ‘कृषी केंद्र जादा २,४००’. हे बियाणं-खत-औषध उधारीवर आणल्याचं व्याज आहे ना? मग ते आहेराच्या पंगतीत का बसलंय? तो कापसाचाच खर्च आहे.

ही सगळी बेरीज ३४,५०० होते. वहीतल्या ७१,७२७ मध्ये मिळवली की १,०६,२२७. भागिले २१, म्हणजे क्विंटलला ५,०५८ रुपये.

आणि सरकारचा आकडा किती? ५,१४०. बघा, किती जवळ आलो. कृषी खर्च व मूल्य आयोगानं २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ५,१४० धरला आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ७,७१० रुपये, हमीभाव ठरला. त्या खर्चात बाहेर दिलेला पैसा, घरच्या बैलांचं काम, खेळत्या भांडवलावरचं व्याज, अवजारांची झीज आणि घरच्या माणसांची मजुरी हे सगळं असतं. मिस्टर त्या ५,१४० शी तुमचे ३,४१६ लावतात तिथंच गफलत होते. एका ताटात नुसता भात आहे आणि दुसऱ्यात भातावर वरण. तो आकडा देशभरातली सरासरी आहे हेही लक्षात ठेवा. त्यात ओलिताची कपाशीही आली आणि तुमच्यासारखी आभाळाकडे बघणारीही. तुमचा आकडा त्याच्या जवळ आला याचा अर्थ तुम्ही सर्वसाधारण खर्चात पिकवता, इतकाच.

आयोग आणखी एक खर्च काढतो, त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरलेलं असतं. हमीभावाची दीडपट त्यावर मोजत नाहीत, आणि शेतकरी संघटनांचं जुनं भांडण तिथंच आहे. तुमच्या कोरडवाहू रानाला एकरी १०,००० भाडं धरलं, तरी क्विंटलचा खर्च ६,४८७ वर जातो. तुम्ही सरासरी ६,९४८ नं विकलात. म्हणजे सासरे ‘काही उरत नाही’ म्हणतात ते अगदीच खोटं नाही. आणि मिस्टरांच्या हातात वहीप्रमाणे ७४,१७३ रुपये आले, तेही खरं. एकजण हातात काय आलं ते मोजतो, दुसरा त्यात आपलं आणि बैलांचं किती गेलं ते मोजतो.

मक्त्याच्या प्रश्नाला मात्र तिसराच आकडा लागतो. तुमच्या १,४५,९०० रुपयांच्या विक्रीतून १,०६,२२७ वजा करा. ३९,६७३ उरतात. सगळ्यांची मजुरी, बैल, दुकान, व्याज भागवून जमिनीनं तुम्हाला दिलेला हा पैसा आहे. एकरी १३,२२४. तुमचं आजचं रान, एकरी ७ क्विंटल देऊन, इतकंच भाडं पेलू शकतं. शेजारी १५,००० मागतोय. म्हणजे त्याच्या विहिरीनं तुमच्यापेक्षा जास्त कापूस दिला तरच हा सौदा उभा राहतो. किती जास्त, ते काढू.

त्यासाठी खर्चाचे दोन गठ्ठे करावे लागतात. काही खर्च एकरावर बसतो आणि काही क्विंटलवर. नांगरणी, बियाणं, खत, डवरे, निंदण, फवारणी हे एकरावर बसतात. कापूस चार क्विंटल होवो की दहा, ते झालेलेच असतात. वेचणी आणि वाहतूक मात्र क्विंटलमागे चालतात. तुमच्याकडे ती १,१२० रुपये पडते. वेचणीचे २१,००० आणि वाहतुकीचे २,५२० बाजूला काढले की ८२,७०७ उरतात, म्हणजे एकरी २७,५६९. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवा : एकरी २७,५६९ आणि क्विंटलमागे १,१२०. यातून कुठल्याही उताऱ्याचा खर्च निघतो. एकरी ४ क्विंटल झाला तर क्विंटल ८,०१२ ला पडतो. ५ झाला तर ६,६३४, ७ ला तुमचे ५,०५८, आणि १० झाला तर ३,८७७. बियाणं तेच, बाया त्याच, औषध तेच, आणि खर्च दुपटीहून जास्त इकडेतिकडे! ‘क्विंटलला किती खर्च येतो’ असं कोणी विचारलं की मी म्हणूनच आधी विचारतो, उतारा किती?

फवारणीवर वाचवायचं की नाही हेही याच आकड्यांतून कळतं. तुमची एक फवारणी औषध आणि रोज मिळून ३,४२० ची. एक वगळली तर क्विंटलमागे १६३ वाचतात. पण ती वगळल्यामुळे एकरी अर्धा क्विंटल जरी गेला, तरी क्विंटल ५,०५८ वरून ५,१८६ वर चढतो. उलट अळी नसताना वेळापत्रक म्हणून मारलेली फवारणी म्हणजे सरळ १६३ रुपयांचं नुकसान. म्हणून फवारणी मोजून नाही, बोंडं फोडून ठरवायची. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोन-तीन बोंडांत गुलाबी अळी दिसली तर पंप उचला, नाहीतर ठेवून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता शेजाऱ्याचं रान. एकरी २७,५६९ तर आहेतच. त्यावर १५,००० मक्ता. ओलिताचे एकरी ४,००० धरू. शेतीपंपाला साडेसात अश्वशक्तीपर्यंत सध्या विजेचं बिल नाही, म्हणून लोक ‘पाणी फुकट’ म्हणतात. पण एका पाण्याला एकरी दीड दिवस माणूस सरीमागे सरी फिरतो, वीज रात्रीची असली तर रात्र घालवतो, तीन पाण्यांचे मिळून दोनेक हजार तिथंच जातात. पाइप फुटतो, मोटार जळते, आणि मक्त्याच्या रानातली मोटार कोणी दुरुस्त करायची यावर ऑक्टोबरात भांडण होतं. ते आत्ताच बोलून घ्या. पाणी दिलं की खताचा एक जादा हप्ताही लागतो. एकूण झाले एकरी ४६,५६९.

विक्री सोयीसाठी ७,००० नं धरली, तर वेचणी-वाहतूक वजा जाता क्विंटलमागे ५,८८० हातात राहतात. ४६,५६९ ला ५,८८० नं भागा. ७.९२ येतं. म्हणजे एकरी ८ क्विंटल झाला तर सगळ्यांची मजुरी निघून हिशोब शून्यावर येतो. १० झाला तर एकरी १२,००० च्या वर सुटतात. ६ वर थांबला तर एकरी ११,००० च्या वर खिशातून जातात, आणि अडीच एकराला ते २८,००० होतात. तुमच्या स्वतःच्या तीन एकरांतून जमिनीपोटी जे ३९,६७३ आले, त्यातले दोन तृतीयांशाहून जास्त पुसले जातील.

मिस्टर म्हणतील, ‘पण त्यात आपली मजुरी धरली आहे, ती तर घरातच राहते.’ तुमच्या तीन एकरात राहते. अडीच एकर आणखी आले की राहत नाही. जुलैत पाऊस उघडला की डवरणीचा वाफसा दोन्ही रानांत एकाच दिवशी येतो, आणि बैलजोडी एकच असते. म्हणून बैल घरचे असूनही मी मक्त्याच्या रानात त्यांचे पूर्ण पैसे धरले. निम्म्या वेळेला तुम्हाला जोडी बाहेरून सांगावीच लागेल. वेचणीचंही तसंच. दिवाळीनंतर गावभर कापूस एकदम फुटतो, तेव्हा तुम्ही दोघी पाच क्विंटलच वेचणार, सात नाही. मक्त्याच्या रानातली मजुरी ही बाहेर जाणारीच मजुरी समजा.

मी स्वतः हा धडा २०१७ साली घेतला. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भात हाहाकार केला होता. दोन एकर मक्त्यानं घेतलं होतं, पैसे पाडव्यालाच मोजून दिलेले. नोव्हेंबरपर्यंत पराटी इतकी भरलेली, की येणारा-जाणारा थांबून बघायचा. बोंडं फोडली तर आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. एकरी तीन क्विंटलही निघाला नाही, आणि वेचणाऱ्या बायांनी किलोचा भाव सोडून रोजच मागितला, कारण दिवसभर वाकून कोणाच्याच ओटीत पंधरा किलोही कापूस भरत नव्हता. त्यांचं काय चुकलं? मक्ता मात्र तेवढाच्या तेवढा गेला होता. उतारा कमी झाला की क्विंटलमागचा वेचणीचा खर्चही वाढतो. वरच्या हिशोबात मी तो १,००० च धरलाय, म्हणजे वाईट वर्ष त्या आकड्यांपेक्षाही वाईट जातं.

म्हणून नुसतं ‘विहिरीचं रान आहे’ यावर जाऊ नका. आत्ता एप्रिल आहे, विहीर बघायला याच्यासारखा महिना नाही. मिस्टरांना सांगा, सकाळी मोटार चालू करून किती वेळात पाणी तुटतं आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते बघून या. आज अडीच-तीन तास चालत असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची दोन-तीन पाणी नक्की मिळतील, आणि कपाशीला कामाची पाणी तीच. पाऊस लवकर गेला की पाते आणि छोटी बोंडं गळतात, तिथं एक पाणी एकरी दीड-दोन क्विंटलचा फरक पाडू शकतं. विहीर आज कोरडी असेल तर फक्त कपाशीचा हिशोब धरा, त्यापुढची स्वप्नं बघू नका.

आणि आज पाणी असेल, तर मक्ता सगळा कापसावर टाकायचं कारण नाही. डिसेंबरअखेर पराटी उपटली आणि त्या रानात उन्हाळी तीळ किंवा मूग घेतला, तर १५,००० पैकी चार-पाच हजार त्या पिकानं उचलायला हवेत. मग कापसाला आठाऐवजी सव्वासात क्विंटलही पुरतो. मात्र मोह नेमका उलटा होतो. विहीर आहे म्हणून लोक जानेवारीत आणखी एक पाणी देऊन फरदड घेतात. त्या वेळी हिशोबात ती नेहमीच फायद्याची दिसते, कारण एकरी खर्च झालेलेच असतात आणि फक्त वेचणी द्यायची असते. पण त्या उशिराच्या बोंडांत बोंडअळीची पुढची पिढी बसलेली असते, आणि तिच्या फवारण्यांचं बिल पुढच्या वर्षी तुमच्याच शेजारच्या तीन एकरांवर येतं. जमिनीच्या मालकाशी बोलताना पराटी डिसेंबरअखेर काढणार हे ठरवूनच घ्या.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, ती. तुम्ही गावात ७,१०० नं दिलेल्या १३ क्विंटलचा धागा लांब असेल, तर त्याचा हमीभाव ८,११० होता. कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो, ८ च्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर घेतच नाहीत. दवात वेचलेला कापूस सरळ गाडीत भरला तर परत येतो. तो दोन दिवस ताडपत्रीवर वाळवून नेला असता, तर वजनात दोन-चार टक्के कमी आले असते आणि गाडीभाडं जादा गेलं असतं. तरीही क्विंटलमागे सहा-सातशे रुपये जास्त हातात येतात. एक फवारणी वाचवून मिळणाऱ्या १६३ शी हे ताडून बघा. उशिराच्या ८ क्विंटलमध्ये कवडी असणार, त्याचं हे होणार नाही; पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस तरी वेगळा साठवत जा. (कापूस घरात ठेवायला जागा नसते, पोरांच्या अंगाला खाज सुटते, हे मला माहीत आहे. माझ्याही घरी हेच भांडण आहे.)

हे मी मक्त्याच्या पत्रात का घुसवतोय? केंद्रावर विकायला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, आणि सातबाऱ्यावर कपाशीची ई-पीक पाहणी झालेली लागते. मक्त्याचं रान शेजाऱ्याच्या नावावर आहे. तोंडी मक्त्यात तिथला कापूस तुमच्या नावानं केंद्रावर जात नाही. शेजाऱ्याच्या नावानं गेला, तर चुकाराही त्याच्याच खात्यात जमा होतो. मग बहुतेक जण तो गावातच देऊन टाकतात. म्हणून मक्त्याच्या रानाला मी ७,००० चाच भाव धरला, ८,११० चा नाही. पीक विम्यालाही नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, त्याशिवाय मक्तेदाराचा विमा होत नाही. शेजारी करार नोंदवायला तयार असेल, तर हे रान तुमच्यासाठी आठऐवजी पावणेसात क्विंटललाच शून्यावर येतं, पण सगळा कापूस ८,११० नं विकला गेला तरच. पैशात बघितलं तर तो कागद एकरी सहा-सात हजारांचा आहे. बरेच मालक मात्र नोंदणीला बिचकतात, कुळ लागेल ही जुनी भीती अजून गेलेली नाही.

मक्ता किती द्यावा, हे मी असं ठरवेन. शेजाऱ्याकडून किंवा आधीच्या मक्तेदाराकडून मागच्या तीन वर्षांच्या काटापट्ट्या बघायला मागा. तोंडानं प्रत्येक रान बारा क्विंटल देतं, पट्टीवर ते आठ निघतं. तीन वर्षांची सरासरी घ्या, त्यातलं चांगलं वर्ष सोडून उरलेल्या दोनांची सरासरी काढली तर आणखी बरं. ती ७.५ आली, तर ७,००० भावानं परवडणारा मक्ता १२,५०० च्या आसपास आहे. ८ आली तर १५,००० पेक्षा थोडा जास्त, पण तिथं तुम्हाला काहीच सुटत नाही, नुसती कसरत होते. काटापट्ट्या दाखवायला तयार नसेल, तर अर्ध्या बटईवर मागून बघा. त्यात बियाणं-खत-औषध दोघांत निम्मं ठरवायचं. चांगल्या वर्षी तुमच्या वाट्याला कमी येईल, पण ६ क्विंटलच्या वर्षी २८,००० एकट्यानं भरावे लागणार नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर १५,००० ला घेतलं नसतं. ११,००० किंवा फार तर १२,००० बोललो असतो, अर्धे आत्ता आणि अर्धे कापूस विकल्यावर, मोटारीची दुरुस्ती मालकाकडे. तो नाही म्हणाला तर यंदा सोडून दिलं असतं.

आणि वहीत फक्त एक बदल करा. उजवीकडे एक जादा रकाना आखा, त्यावर ‘घरचं’ लिहा. त्यात पैसे नकोत, नुसते दिवस लिहा : आज डवरा, एक जोडी, एक दिवस, आज वेचणी, आम्ही दोघी, ४२ किलो. रुपये मार्चमध्ये एकदाच टाकायचे, गावचा त्या वर्षीचा रोज बघून. वेचणीचं वजन बायांना देतानाचं लिहिता तसंच काट्यावर विकतानाचंही लिहा, आणि भागाकार नेहमी विकलेल्या वजनानं करा. पहाटेच्या दवातले किलो आणि काट्यावरचे किलो सारखे भरत नाहीत. कृषी केंद्राचं ते २,४०० चं व्याज तेवढं आहेराखालून उचलून कपाशीच्या पानावर आणा. सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं. उधारी त्या पैशातून भागवता आली, तर ही ओळ पुढच्या वर्षी वहीत नसेल.

विहिरीचं पाणी किती तास चाललं आणि काटापट्ट्यांवर काय निघालं, ते कळवा. मग मक्त्याचा आकडा पुन्हा मांडू.